धागा: मामांच्या स्लाइडमधले गोल घर नक्की कोणाचे? (कझाखस्तान, किरगिझस्तान की मंगोलिया?)

मुक्ता_वाई

नमस्कार. माझे मामा औषधे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते आणि कामानिमित्त मध्य आशियात फिरत असत. त्यांच्या पश्चात घरी स्लाइडचे डबे निघाले. आमच्या गावच्या वाचनालयात त्यांतील निवडक छायाचित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरले असून प्रत्येक छायाचित्राखाली दोन ओळींचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एका डब्यावर मामांच्या अक्षरात 'अल्मा-अता ते उलान बातोर, जुलै-ऑगस्ट १९९३' एवढेच लिहिलेले आहे. त्यातल्या दोन स्लाइड स्कॅन करून सोबत जोडल्या आहेत.

पहिलीत उघड्या माळावर नमद्याचे गोल घर दिसते. त्यावर पांढरे कापड आहे, दार लाकडी आणि रंगवलेले आहे, धुराडे वरून बाहेर आलेले आहे, मागे बोडके डोंगर आहेत आणि झाड एकही नाही. दुसरी स्लाइड त्याच घराच्या आतली आहे. मधोमध लोखंडी चूल, मागे घड्या घालून रचलेल्या गाद्या आणि त्यांच्या वर भिंतीला भरतकाम केलेले मोठे कापड लावलेले दिसते. वाचनालयाच्या कार्यवाहांनी 'मंगोलियातील यर्ट' असे लिहून मोकळे व्हा, असे सुचवले आहे. परंतु प्रवास इतक्या देशांतून झालेला असताना केवळ गोल घर दिसले म्हणून मंगोलिया लिहावे, हे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बिश्केककर

ताई, मी बिश्केकला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. आपल्याकडची बरीच मुले येथे शिकतात आणि उन्हाळ्यात सोन-कुल सरोवराकडे गेले की अशा यर्टमध्येच मुक्काम असतो. तुमच्या आतल्या स्लाइडमध्ये छताच्या मध्यभागी जे लाकडी कडे दिसते, त्यात तीन-तीन वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींना छेद देतात. किरगिझस्तानच्या राष्ट्रध्वजावर सूर्याच्या पोटात हेच चित्र आहे. शिवाय घुमट उंच आहे. मंगोलियाचे घर बसके असते, त्यामुळे मंगोलिया तर मुळीच शक्य नाही. माझ्या मते निःशंकपणे 'किरगिझस्तान' लिहावे.

काटकोन

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि लाकडी सांगाड्यांच्या घरांचा माझा थोडा अभ्यास आहे. बिश्केककर यांचे अर्धे निरीक्षण अचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. आधी घराकडे घर म्हणून पाहू आणि देशाचा विचार मागाहून करू.

या सर्व घरांचा मूळ सांगाडा सारखाच असतो. दुमडता येणाऱ्या जाळीची गोल भिंत, भिंतीच्या काठापासून निघून वर जाणाऱ्या छताच्या काठ्या, त्या काठ्यांची टोके अडकवण्यासाठी माथ्यावर एक लाकडी कडे आणि या सगळ्यावर नमद्याचे थर. फरक पडतो तो छताच्या काठीत. मंगोल लोकांच्या घराची, म्हणजे गेरची, काठी सरळ असते. कझाख आणि किरगिझ लोकांच्या घरात तीच काठी खालच्या टोकाला वाफेवर वाकवलेली असते आणि तो वाकलेला भाग जाळीला बांधतात. या एका वाकामुळे घराचे सगळे बाह्यरूप बदलते. सरळ काठ्यांचे छत चपट्या शंकूसारखे दिसते आणि भिंतीशी त्याचा स्पष्ट कोन होतो. वाकवलेल्या काठ्यांच्या घराला खांदे येतात आणि छत आधी जवळजवळ उभे चढून मग माथ्याकडे वळते.

छायाचित्रात हे तपासण्याची रीत सोपी आहे. संगणकाच्या पडद्यावर माथ्याच्या कड्यापासून भिंतीच्या वरच्या काठापर्यंत फूटपट्टी धरावी. घराची बाह्यरेषा पट्टीला चिकटून खाली गेली तर काठी सरळ आहे आणि रेषा पट्टीच्या बाहेर फुगली तर काठी वाकवलेली आहे. ही पट्टी घराच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरच धरावी, कारण समोरच्या भागात नमद्याच्या सुरकुत्या आणि दोर फसवतात. घर छायाचित्राच्या अगदी कोपऱ्यात असेल तर भिंगामुळे सरळ रेषाही वाकडी दिसते, हेही ध्यानात ठेवावे. तुमच्या स्लाइडमध्ये घर मध्यभागी आहे आणि दोन्ही कडांना फुगवटा स्पष्ट दिसतो.

दुसरा पुरावा आतल्या स्लाइडमध्ये आहे आणि तो मला अधिक भक्कम वाटतो. गेरचे माथ्यावरचे कडे वजनदार असते आणि छताचा उतार कमी असल्यामुळे काठ्यांना ते एकट्याने पेलवत नाही, म्हणून त्याखाली दोन खांब उभे करतात. हे खांब चुलीच्या दोन बाजूंना असतात. तुमच्या स्लाइडमध्ये चूल पूर्ण दिसते, तिच्या दोन्ही बाजूंची जागाही दिसते, पण खांब नाहीत. चूल छायाचित्रात आली नसती, तर खांब चौकटीबाहेर राहिले असतील अशी शंका घेता आली असती, पण येथे त्या शंकेला जागा उरत नाही. उलट बाजूने मात्र एक सावधगिरी बाळगायला हवी. वादळाच्या वेळी कझाख लोकही कड्याला बेळक्याच्या खांबाचा आधार देतात, त्यामुळे एखाद्या छायाचित्रात एकच खांब दिसला म्हणून ते घर लगेच मंगोल ठरवू नये.

तेव्हा हे घर मंगोल बांधणीचे नाही, येथपर्यंत मी खात्रीने येतो. परंतु घर मंगोल नाही याचा अर्थ स्थळ मंगोलियात नाही असा होत नाही. मंगोलियाच्या पश्चिम टोकाला बायान-उल्गी नावाचा प्रांत आहे आणि तेथील बहुसंख्य वस्ती कझाख आहे. ते लोक मंगोलियाचे नागरिक असून आजही उन्हाळ्यात कझाख पद्धतीच्याच घरात राहतात.

बिश्केककर

बायान-उल्गीबद्दल मला माहिती नव्हती, आभार. पण मग कड्यातील तीन-तीन पट्ट्यांचे काय? त्या तर किरगिझ लोकांची खूण आहेत ना?

काटकोन

किरगिझस्तानने ते कडे १९९२ साली ध्वजावर घेतले आणि त्याच वर्षी कझाखस्तानने आपल्या राजचिन्हाच्या मध्यभागी तसेच कडे ठेवले. दोन्हींमध्ये छेदणाऱ्या पट्ट्या तीन-तीनच आहेत. दोन्ही समाजांचे सुतार साधारण एकाच पद्धतीने हे काम करतात, त्यामुळे या पट्ट्यांवरून 'मंगोल नाही' एवढेच म्हणता येते, त्यापुढे जाता येत नाही.

कझाख आणि किरगिझ घरांतील फरक घुमटाच्या चढावरून सांगता येतो, असे काही जण म्हणतात. मी त्यावर विसंबत नाही. एकाच तळावरील दोन घरांत, आणि एकच घर दोनदा उभारले तरी, चढ कमी-अधिक होतो, कारण जाळी किती ताणली त्यावर घराचा व्यास आणि उंची ठरते. जाळी जास्त फाकवली की घर रुंद आणि बसके होते, कमी फाकवली की अरुंद आणि उंच.

दऱ्याखोऱ्या

फारच उपयुक्त धागा. माझी भंडारदऱ्याजवळ जागा आहे आणि तेथे पर्यटकांसाठी असे चार-पाच यर्ट उभारावेत असा विचार आहे. यांपैकी कोणत्या देशाचे यर्ट टिकाऊ असते आणि साधारण खर्च किती येतो, हे कोणी सांगू शकेल काय?

काटकोन

या धाग्याचा विषय वेगळा आहे, तरी एक गोष्ट सांगतो, कारण तिचा छायाचित्राशीही संबंध आहे. नमद्याचे घर कोरड्या हवेसाठी आहे. भंडारदऱ्याच्या पावसात नमदा पाणी पिऊन जड होईल, कुजेल आणि त्याखालची जाळी बुरशी धरेल. तुमच्याकडे जे उभे राहील ते रबरी कापडाचा तंबू असेल, त्याला आकार मात्र यर्टचा असेल. जगभर पर्यटनासाठी असे तंबू झाले आहेत, म्हणूनच अलीकडच्या छायाचित्रात केवळ आकार पाहून स्थळ ठरवणे धोक्याचे झाले आहे. खर्चासाठी स्वतंत्र धागा काढलात तर बरे होईल.

आजोबांचा_नातू

माझाही असाच प्रश्न आहे. आजोबा सैन्यात होते आणि साठच्या दशकात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात व आसामच्या सीमेवर त्यांची नेमणूक होती. त्यांच्या एका कृष्णधवल छायाचित्रात बांबूच्या खांबांवर उभारलेले लांब घर दिसते, खाली डुकरे आहेत आणि वर चढायला खाचा पाडलेला ओंडका टेकवलेला आहे. हे घर नागा लोकांचे असेल का?

काटकोन

नागा म्हणण्याची घाई करू नका. अंगामी नागांची पारंपरिक घरे जमिनीवरच असतात, खांबांवर नसतात. तुमच्या छायाचित्रात आधी खांबांची उंची पाहा. सगळे खांब सारख्या उंचीचे असून जमीन सपाट असेल, तर ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानातील मिसिंग लोकांचे घर असण्याची शक्यता विचारात घ्यावी. तेथे खांब पुराच्या पाण्यासाठी असतात. घर डोंगरउतारावर असून एका बाजूचे खांब आखूड आणि दरीच्या बाजूचे लांब असतील, तर आदी, न्यिशी यांसारख्या डोंगरी समाजांकडे वळावे. खाचांचा ओंडका आणि डुकरे या दोन्ही गोष्टी या सगळ्यांकडे सापडतात, त्यांवरून काही ठरणार नाही. घर फार लांब असेल आणि आतले छायाचित्र असेल तर चुली मोजा. न्यिशींच्या लांब घरात अनेक कुटुंबे एकत्र राहत आणि प्रत्येकाची चूल वेगळी असे.

आजोबांचा_नातू

जमीन उताराची आहे आणि पुढचे खांब गुडघ्याएवढेच आहेत. आतले छायाचित्र मात्र नाही. स्वतंत्र धागा काढून चित्र तेथे टाकतो.

रेशीमगाठ

मी भरतकाम शिकवते, घरांचे मला काही कळत नाही. पण मुक्ताताई, गाद्यांच्या मागच्या त्या कापडाबद्दल कोणीच बोललेले नाही याचे आश्चर्य वाटते. माझ्या दृष्टीने स्लाइडमधली सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे.

स्कॅन मोठे करून पाहिले. लाल कापडावर मोठमोठी वर्तुळे आहेत आणि त्यांच्या आत शिंगासारखी वळणे भरली आहेत. टाका साखळीचा आहे, पण हातसुईने घातलेला वाटत नाही. ताणलेल्या कापडातून आकडीने दोरा वर ओढून घालतात तसा एकसारखा आणि दाट आहे. आपल्याकडे कच्छमध्ये मोची लोकांचे आरीकाम असते, त्याच जातीचे काम दिसते. कझाख बायका असे कापड भरताना बहुधा मधला भागही भरतात. किरगिझ बायकांच्या कापडात बहुधा वरची आणि दोन बाजूंची अशी तीनच बाजूंची किनार भरलेली असते आणि मधला भाग मोकळा राहतो, कारण त्याच्यापुढे गाद्या रचल्या जातात. तुमच्या कापडात मधला भागही गच्च भरलेला आहे. माझ्या माहितीप्रमाणे कझाख कापडांवर अनेकदा वर्ष आणि नावही भरलेले असते. कृपया वरच्या किनारीचे अधिक मोठे स्कॅन टाकता येईल काय?

मुक्ता_वाई

रेशीमगाठ, आपल्या सूचनेप्रमाणे किनारीचे स्कॅन पुन्हा केले आणि जोडले आहे. उजव्या कोपऱ्यात १९८७ हा आकडा स्पष्ट दिसतो. त्याच्या शेजारी रशियन लिपीसारखी सहा-सात अक्षरे आहेत, परंतु शेवटची दोन-तीन गाद्यांच्या ढिगामागे लपली आहेत. पहिले अक्षर इंग्रजी 'के'सारखे आहे आणि त्याच्या उजव्या पायाला खाली छोटी शेपटी आहे. मला रशियन येत नाही.

काटकोन

हे अक्षर फार मोलाचे आहे. रशियन लिपीवर आधारलेल्या वर्णमाला कझाख, किरगिझ आणि मंगोल या तिन्ही भाषांना आहेत, पण प्रत्येकीने आपापल्या ध्वनींसाठी वेगळी अक्षरे वाढवून घेतली. शेपटीवाला 'के' कझाख वर्णमालेत आहे, किरगिझ वर्णमालेत नाही आणि मंगोल वर्णमालेतही नाही. ताजिक वर्णमालेत ते अक्षर आहे, पण ताजिक शेतकरी समाज आहे आणि या घराशी व या भरतकामाशी त्याचा मेळ बसत नाही. घराची बांधणी, कापडाची भरण आणि हे अक्षर, तिन्ही गोष्टी कझाख समाजाकडे बोट दाखवतात.

आणखी एक देश यातून वगळता येतो. चीनच्या शिनजियांगमध्येही पुष्कळ कझाख आहेत, परंतु ते आपली भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. रशियन वळणाची अक्षरे असल्यामुळे कापड बहुधा तेथले नाही. उरले कझाखस्तान आणि मंगोलियातील बायान-उल्गी.

बिश्केककर

पण कापड म्हणजे घर नव्हे. किरगिझस्तानात कझाख कुटुंबेही राहतात, सून कझाख असेल तर ती आपल्या माहेरचे कापड घेऊन येईल. असे कापड येथे बाजारातही विकायला असते. त्यामुळे किरगिझस्तान पूर्णपणे वगळणे मला योग्य वाटत नाही.

रेशीमगाठ

सुनेबद्दलचा मुद्दा योग्य आहे. अशी कापडे लग्नासाठीच भरतात आणि ती मुलीबरोबर जातात. बाजाराचा मुद्दा मात्र मला तितका पटत नाही. नाव आणि वर्ष घालून भरलेले कापड जो विकत घेतो तो सहसा पर्यटक किंवा संग्राहक असतो. आपल्या घरात गाद्यांच्या मागे दुसऱ्या कुटुंबाचे नाव कोणी टांगत नाही.

काटकोन

देशाचा निर्णय घरावरून होणार नाही, हे मी आधीच मान्य केले आहे. तेव्हा आता घराच्या बाहेर पाहू. पहिल्या स्लाइडमधले पांढरे कापड, रंगवलेले लाकडी दार आणि धुराडे ही तिन्ही लक्षणे मंगोल गेरचीही आहेत आणि बायान-उल्गीतल्या कझाखांनी तीच उचललेली आहेत, कारण हे सामान त्यांना एकाच बाजारात मिळते. नमद्याचे किंवा वेताच्या चटईचे गुंडाळायचे दार असते, तर कझाखस्तान किंवा किरगिझस्तानाकडे माझा कल झुकला असता.

झाडांचा अभावही विचारात घ्यावा. अल्मा-अताच्या मागचे तियानशान डोंगर आणि किरगिझस्तानातील पुष्कळ कुरणे यांच्या उत्तरेकडील उतारांवर उंच, काळपट, सुईसारख्या स्प्रूस वृक्षांच्या रांगा असतात. त्या या छायाचित्रात नाहीत. पश्चिम मंगोलियातील डोंगर बहुतेक बोडके असतात. अर्थात सोन-कुलच्या काठीही झाड नाही, हे बिश्केककर सांगतीलच, म्हणून हा पुरावा मी दुय्यम मानतो.

माझा कल बायान-उल्गीकडे आहे, त्याचे मुख्य कारण काळ हे आहे. कझाखस्तानात १९३० च्या दशकात सोव्हिएत राजवटीने भटक्या पशुपालकांना सक्तीने एका जागी बसवले. त्यानंतर तेथे यर्ट हे कुटुंबाचे रोजचे घर म्हणून झपाट्याने मागे पडले आणि १९९३ पर्यंत ते मुख्यतः सणासमारंभांत व दूरच्या कुरणांवर उरले होते. बायान-उल्गीत मात्र उन्हाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे यर्टमध्ये राहत होती आणि हिवाळ्यात माती-दगडाच्या घरात परतत होती. गाद्यांचा एवढा ढीग, चूल आणि लग्नातले कापड असा पूर्ण मांडलेला संसार जुलै-ऑगस्टमध्ये सापडणे तेथे स्वाभाविक आहे.

बिश्केककर

सोन-कुलच्या काठी झाड नाही, हे खरेच सांगतो. आणि त्या वर्षांत मंगोलियातून कझाख कुटुंबे कझाखस्तानात स्थलांतर करत होती, हे मी येथील लोकांकडून ऐकले आहे. ती कुटुंबे आपली घरे बरोबर घेऊनच आली असतील, तर बायान-उल्गीचे घर कझाखस्तानच्या माळावर उभे असू शकत नाही का?

काटकोन

असू शकते. १९९१ नंतर हजारो कुटुंबे गेली, हे खरे आहे. घर मोडून उंटांवर किंवा मालमोटारीवर लादता येते, म्हणून या जातीच्या घरांबाबत हा प्रश्न नेहमी उरतो. नातू यांच्या खांबांच्या घराबाबत तो उरत नाही, ते घर ज्या उतारावर बांधले तेथेच राहते.

मुक्ता_वाई

सर्वांचे आभार. डब्यातल्या उरलेल्या स्लाइडमध्ये एखादे वाहन आहे का, हे पाहिले. पुढच्या क्रमांकाच्या स्लाइडमध्ये जीपसारख्या गाडीचा मागचा भाग आहे, पण क्रमांकाची पाटी चिखलाने माखलेली असल्यामुळे एकही अक्षर वाचता येत नाही. मामांच्या जुन्या पासपोर्टवरील शिक्क्यांसाठी मामींना पत्र लिहिले आहे.

तोवर प्रदर्शनासाठी असा मजकूर करत आहे: 'कझाख कुटुंबाचे उन्हाळी घर, १९९३. छताच्या काठ्या खालच्या बाजूने वाकवलेल्या असल्यामुळे आणि आत खांब नसल्यामुळे ते मंगोल गेरपेक्षा वेगळे ओळखता येते. भिंतीवरील भरतकाम १९८७ चे. स्थळ बहुधा पश्चिम मंगोलियातील बायान-उल्गी.' कार्यवाहांना 'बहुधा' हा शब्द नको आहे, परंतु तो मी काढणार नाही.

रेशीमगाठ

मजकुरात 'आकडीने घातलेला साखळी टाका' एवढे शब्द वाढवावेत, अशी विनंती. प्रदर्शनाला येणाऱ्या बायका तेथेच सर्वाधिक वेळ थांबतील. आणि पासपोर्ट मिळाला की शिक्के याच धाग्यावर टाका.